आठ कोर्स, तीन खोल्या आणि चौथा रंग: टाइमटेबल नकाशासारखं रंगवून बघा

या आठवड्याच्या व्हिडिओत मी पाटीवर ठिपके आणि रेघा काढून एक टाइमटेबल सोडवून दाखवलं. व्हिडिओत ते जरा घाईत झालं. म्हणून इथे तेच सावकाश, एकेक पायरी धरून लिहितोय. वही-पेन आणि चार रंगांचे स्केचपेन जवळ घेऊन बसा, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

आधी प्रश्न काय होता ते सांगतो. आपल्या विसरवाडीच्या जवळच एक ताई रविवारचं ट्रेनिंग सेंटर चालवतात. त्यांच्याकडे आठ छोटे कोर्स आहेत: शिवण, पार्लर, टायपिंग, टॅली, बेकरी, स्पोकन इंग्लिश, मोबाइल दुरुस्ती आणि वायरिंग. प्रत्येक वर्ग दोन तासांचा आणि खोल्या तीन, त्याही भाड्याने, स्लॉटप्रमाणे. बऱ्याच मुली दोन-दोन कोर्स करतात, त्यामुळे त्यांचे दोन्ही वर्ग एकाच वेळी ठेवता येत नाहीत. ताईंनी जमवून जमवून पाच स्लॉट केले होते. सकाळी नऊला सुरू, संध्याकाळी सातला बंद. खांडबारा, चिंचपाडा बाजूच्या मुलींना त्या वेळी गाडी मिळेना. दोन मुलींनी कोर्स सोडला आणि फी परत मागितली.

मग कुणीतरी त्यांना सांगितलं, "एकमेकांशी आडवे येणारे जास्तीत जास्त तीनच कोर्स आहेत ना? मग तीन स्लॉटात बसायलाच पाहिजे." ताई दोन रात्री कागद खोडत बसल्या. दर वेळी एक तरी कोर्स लोंबकळत राही. शेवटी त्यांनी मला कागदाचा फोटो पाठवला. "भाऊ, तीनात बसत का नाही तेवढं सांगा. माझं चुकतंय की हिशोबच चुकतोय?"

ताईंचं चुकत नव्हतं. का, ते समजायला आधी एक नकाशा बघू.

नकाशात लपलेली गोष्ट

माझ्या दुकानात शाळेच्या मुलांसाठी कोरे नकाशे असतात. शेजारच्या दोन भागांना एकच रंग द्यायचा नाही, हा नकाशा रंगवण्याचा नियम सगळ्यांना माहीत असतो. कमीत कमी किती रंग लागतील, हा खरा प्रश्न.

आपल्या नंदुरबार जिल्ह्याचे सहा तालुके घ्या. नंदुरबार, शहादा आणि तळोदा हे तिघं एकमेकांना लागून आहेत, म्हणजे तीन रंग तर लागणारच. पुढे अक्राणी शहादा आणि तळोद्याला लागून आहे, त्याला नंदुरबारचा रंग चालतो. अक्कलकुवा तळोदा आणि अक्राणीला लागून आहे, त्याला शहाद्याचा रंग चालतो. आपला नवापूर जिल्ह्यात फक्त नंदुरबार तालुक्याला लागून आहे, त्याला उरलेल्या दोनपैकी कोणताही द्या. तीन रंगांत जिल्हा पूर्ण.

आता महाराष्ट्राचा नकाशा घ्या आणि जालना जिल्ह्यावर बोट ठेवा. जालन्याचे शेजारी पाच: वर जळगाव, पुढे बुलढाणा, मग परभणी, खाली बीड आणि डावीकडे छत्रपती संभाजीनगर. हे पाचही जण जालन्याभोवती गोल हात धरून उभे आहेत. जळगाव बुलढाण्याला लागून, बुलढाणा परभणीला, परभणी बीडला, बीड संभाजीनगरला आणि संभाजीनगर परत जळगावला.

जालन्याला लाल द्या. आता भोवतीच्या पाचांत कुणालाच लाल चालणार नाही. जळगाव निळा, बुलढाणा हिरवा, परभणी निळा, बीड हिरवा. उरलं संभाजीनगर. त्याच्या एका बाजूला हिरवं बीड, दुसऱ्या बाजूला निळं जळगाव आणि मध्ये लाल जालना. चौथा रंग काढावाच लागतो. सुरुवात कुठूनही करा, हेच होणार, कारण गोलात माणसं पाच आहेत. चार किंवा सहा असती तर निळा-हिरवा, निळा-हिरवा असं आलटून पालटून जमलं असतं. विषम संख्या असली की शेवटचा माणूस अडकतो.

आणि गंमत बघा. इथे एकमेकांना लागून असलेले चार जिल्हे कुठेच नाहीत. कुठलेही तीनच सापडतात. तरीही रंग चार लागले. "एकमेकांशी भिडणारे तीन, म्हणजे रंग तीन" हा हिशोब इथेच फसतो. भिडणाऱ्यांचा सगळ्यात मोठा गट तुम्हाला एवढंच सांगतो की यापेक्षा कमी रंगांत होणार नाही. तेवढ्यात होईलच, असं तो सांगत नाही.

फोटोवरून काम करताना

बरेच जण नकाशाचा किंवा कागदाचा फोटो काढून मोबाइलवर बघत काम करतात. चालतं, पण थेट फोटोवर रंग भरू नका. आधी प्रत्येक भागात एक ठिपका द्या, जे दोन भाग लागून आहेत त्यांच्या ठिपक्यांमध्ये रेघ ओढा आणि मग नकाशा बाजूला ठेवून ठिपके रंगवा.

ठिपके मोजून घ्या. महाराष्ट्रात आज ३६ जिल्हे आहेत. तुमचे ३५ आले, तर एक तर नकाशा पालघर होण्याआधीचा, म्हणजे ऑगस्ट २०१४ च्या आधीचा आहे, किंवा फोटोत एखादी सीमा बुजली आहे. गोदावरी जालना आणि बीडच्या सीमेवरून वाहते, त्यामुळे अंधूक फोटोत सीमेची रेघ नदीच्या निळ्या रेघेखाली जाते आणि दोन जिल्हे एकच वाटू शकतात. दुसरी काळजी आखूड सीमांची. बुलढाणा आणि परभणी अगदी थोड्या अंतरापुरते लागून आहेत. फोटो तिरका असला की ती सीमा नजरेतून सुटते, गोल तुटतो आणि तीन रंग पुरतील असं वाटायला लागतं. आणि दोन भाग फक्त टोकाला टोक लावून असतील, तर रेघ ओढायची नाही. सीमा लांबीने सामाईक असली पाहिजे.

टाइमटेबल म्हणजे तोच खेळ

आता ताईंच्या कागदाकडे येऊ. कोर्स म्हणजे ठिपका. दोन कोर्समध्ये एक जरी विद्यार्थी सामाईक असेल, तर रेघ. दोन्ही कोर्स शिकवणारा माणूस एकच असेल, तरीही रेघ. रंग म्हणजे स्लॉट. एका रंगाचे सगळे कोर्स एकाच वेळी घेता येतात.

ताईंनी आठ बाय आठ घरांचा तक्ता केला होता आणि आडव्या कोर्सला खूण केली होती. फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला, मध्ये घडीची सावली. मी खुणा मोजल्या, २७ भरल्या. हे शक्यच नाही. टॅलीच्या ओळीत टायपिंगला खूण असेल, तर टायपिंगच्या ओळीत टॅलीलाही असलीच पाहिजे. म्हणजे एकूण खुणा नेहमी सम येतात आणि रेघा त्यांच्या निम्म्या. एकेक जोडी तपासली, तर मोबाइलच्या ओळीत टायपिंगला खूण होती, पण टायपिंगच्या ओळीत मोबाइल घडीखाली गेला होता. ताईंना विचारलं. हो, एक मुलगा दोन्हीकडे आहे. ही तपासणी केली नसती, तर तो मुलगा एकाच वेळी दोन खोल्यांत बसला असता. फक्त एक लक्षात ठेवा, दोन्ही बाजूंची खूण विसरली असेल तर ही मोजणी ते पकडत नाही. त्यासाठी हजेरीपटच उघडायला लागतो.

दुरुस्त केल्यावर यादी अशी झाली. कंसात प्रत्येकाच्या रेघा आहेत:

- स्पोकन इंग्लिश: शिवण, पार्लर, टायपिंग, टॅली, बेकरी (५)
- टॅली: इंग्लिश, टायपिंग, बेकरी, मोबाइल, वायरिंग (५)
- टायपिंग: इंग्लिश, टॅली, पार्लर, मोबाइल (४)
- शिवण: इंग्लिश, पार्लर, बेकरी (३)
- पार्लर: इंग्लिश, शिवण, टायपिंग (३)
- बेकरी: इंग्लिश, टॅली, शिवण (३)
- मोबाइल: टायपिंग, टॅली, वायरिंग (३)
- वायरिंग: टॅली, मोबाइल (२)

बेरीज २८, म्हणजे रेघा १४. मोबाइल आणि वायरिंगमध्ये सामाईक विद्यार्थी नाही, पण शिकवणारे सर एकच आहेत.

पाच स्लॉट का झाले होते?

ताईंनी यादी जशी लिहिली होती तशीच वरून खाली घेतली. वायरिंग, मोबाइल, बेकरी, टॅली, पार्लर, टायपिंग, शिवण आणि शेवटी इंग्लिश. प्रत्येकाला चालेल असा पहिला मोकळा स्लॉट दिला. वायरिंग पहिला, मोबाइल दुसरा, बेकरी पहिला, टॅली तिसरा, पार्लर पहिला. टायपिंगला पार्लर, मोबाइल आणि टॅली तिघं अडवतात म्हणून चौथा. शिवण दुसरा. आणि सगळ्यांत जास्त अडचणीचं इंग्लिश शेवटी राहिलं. तोवर पहिल्या चारही स्लॉटांत त्याला आडवं येणारं कुणीतरी बसलेलं होतं, म्हणून त्याला पाचवा काढावा लागला.

पद्धत बरोबर होती, क्रम चुकला. वेल्श आणि पॉवेल या दोघांनी १९६७ मध्ये सुचवलेला साधा उपाय असा: ज्याला जास्त रेघा, तो आधी. आपल्या लग्नात नाही का, आधी जवळच्या मानकऱ्यांची सोय लावतो, एकट्या पाहुण्याला कुठेही जागा होते. तसंच हे.

करून बघा. इंग्लिश लाल. टॅली इंग्लिशला भिडते, म्हणून निळी. टायपिंग दोघांना भिडतं, म्हणून हिरवं. शिवणला इंग्लिश अडवतं, टॅली नाही, म्हणून निळं. पार्लरला इंग्लिशचा लाल, शिवणचा निळा आणि टायपिंगचा हिरवा तिन्ही बंद, म्हणून पिवळा. बेकरीला लाल आणि निळा बंद, म्हणून हिरवी. मोबाइलला टायपिंगचा हिरवा आणि टॅलीचा निळा बंद, म्हणून लाल. वायरिंगला निळा आणि लाल बंद, म्हणून हिरवं.

चार स्लॉट झाले. एक स्लॉट वाचला आणि पिवळ्यात एकटं पार्लर राहिलं.

तीन होतील का?

इथे बहुतेक जण थांबतात किंवा उगाच झगडत बसतात. जास्त रेघांचा आधी हा नियम चांगलं उत्तर देतो, पण सगळ्यांत कमी देईलच याची खात्री देत नाही. म्हणून दुसऱ्या बाजूनेही बघायचं: तीनात होणं अशक्य आहे, असं दाखवता येतं का?

यादी परत वाचा. शिवण पार्लरला भिडतं, पार्लर टायपिंगला, टायपिंग टॅलीला, टॅली बेकरीला आणि बेकरी परत शिवणला. पाच जणांचा गोल! आणि मध्ये इंग्लिश, जे पाचही जणांना भिडतं. हा आपला जालना जिल्हाच आहे. इंग्लिश म्हणजे जालना, भोवतीचे पाच कोर्स म्हणजे पाच शेजारी. तेव्हा तीन स्लॉट अशक्य. ताईंनी आणखी दहा रात्री घालवल्या असत्या तरी बसलं नसतं.

आता दोन्ही टोकं जुळली. चारात होतं हे करून दाखवलं आणि तीनात होत नाही हे गोलाने दाखवलं. म्हणजे चार हेच कमीत कमी. यातलं एकच टोक हातात असेल, तर "कमीत कमी" हा शब्द वापरू नका.

नकाशा आणि टाइमटेबल यांत एक मोठा फरकही आहे. सपाट कागदावरच्या कुठल्याही नकाशाला, प्रत्येक भाग सलग असेल तर, चार रंग पुरतातच. ही शंका १८५२ मध्ये फ्रान्सिस गथ्री या इंग्लंडमधल्या तरुणाला तिथल्या परगण्यांचा नकाशा रंगवताना आली. १८७९ मध्ये केम्प यांनी दिलेली सिद्धता सगळ्यांनी मान्य केली होती, १८९० मध्ये हीवुड यांनी तिच्यातली चूक दाखवली. शेवटी १९७६ मध्ये अपेल आणि हाकेन यांनी कॉम्प्युटरच्या मदतीने ते सिद्ध केलं. महाराष्ट्राचा हिशोब म्हणूनच पक्का आहे: जालन्यामुळे चारपेक्षा कमी नाही आणि या सिद्धतेमुळे चारपेक्षा जास्त नाही. पण टाइमटेबलला हे छप्पर नाही. पाच कोर्स एकमेकांशी आडवे आले, तर पाच स्लॉट लागणारच. नकाशात असे पाच भाग काढताच येत नाहीत, टाइमटेबलात ते सहज होतं. तेव्हा "चार रंग पुरतात" हे वाक्य क्लासच्या धंद्यात नेऊ नका.

कोणती रेघ पुसायची?

ताईंना चार स्लॉट सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "पण भाऊ, चारमध्येही साडेपाच वाजतात. मुली साडेचारला निघाल्या तर गाडी मिळते." म्हणजे तीन स्लॉट पाहिजेतच. रंगवून होत नाही, तर मग रेघच कमी करायची. आता आपल्याला नेमकं माहीत आहे की अडथळा कुठे आहे. वायरिंग-मोबाइलची रेघ पुसून काही उपयोग नाही, ती त्या गोलात नाहीच. गोलातली किंवा गोलापासून इंग्लिशपर्यंतची एखादी रेघ तुटली पाहिजे.

मी ताईंना सांगितलं, खुणेच्या जागी आकडा लिहा, किती विद्यार्थी सामाईक आहेत. पार्लर-टायपिंगमध्ये फक्त एक मुलगी निघाली. शिवण-पार्लरमध्ये दोन. गोलातल्या आणि इंग्लिशच्या बाकी रेघांवर जास्त होते.

साहजिकच आधी एकीची रेघ पुसून बघितली. तीन रंग झाले, पण हिरव्यात टायपिंग, बेकरी, वायरिंग आणि पार्लर असे चार वर्ग आले. खोल्या तीन! आणि तीन रंगांत दुसरी मांडणी निघतच नाही. इंग्लिश, टॅली आणि टायपिंगला तीन रंग दिले की बाकीच्यांना एकेकच रंग उरतो. रंगवण्याच्या या खेळाला खोल्यांची संख्या माहीत नसते, ती शेवटी आपणच तपासायची.

मग दोघींची, शिवण-पार्लरची रेघ पुसली. आता पार्लरला इंग्लिशचा लाल आणि टायपिंगचा हिरवा बंद, पण शिवण अडवत नाही, म्हणून निळा चालतो. मांडणी अशी झाली:

- १० ते १२: स्पोकन इंग्लिश, मोबाइल
- १२ ते २: टॅली, शिवण, पार्लर
- अडीच ते साडेचार: टायपिंग, बेकरी, वायरिंग

कुठेही तीनपेक्षा जास्त वर्ग नाहीत. ताईंनी त्या दोघींशी बोलून घेतलं. शिवणची बॅच संपल्यावर पुढच्या बॅचला पार्लर करा, फी तीच राहील. दोघी तयार झाल्या. पाच स्लॉटांचं भाडं तीनवर आलं आणि साडेचारला सेंटर बंद.

तुमच्याकडे चाळीस-पन्नास विषय असतील, तर मात्र हाताने "कमीत कमी"ची खात्री करणं अवघड जातं. प्रत्येक वेळी झटपट आणि अचूक उत्तर देईल अशी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. तेव्हा जास्त रेघांचा आधी लावा, एकमेकांशी भिडणारा मोठा गट आणि असे विषम गोल शोधा, आणि वरच्या-खालच्या आकड्यात एकाचा फरक राहिला तर पुढे चला. पण आठ-दहा कोर्सवाल्यांनी दोन्ही टोकं जुळवूनच थांबावं. एका बैठकीचं काम आहे.

फोटो काढताना कागद सपाट ठेवा, दिवसाच्या उजेडात दाराजवळ वरून सरळ काढा आणि रंगवायच्या आधी खुणा मोजा. विषम आल्या तर स्केचपेनचं टोपण उघडूच नका, आधी हजेरीपट उघडा.